२४ सेकंदांचा समुद्र: स्नेहसंमेलनाच्या एलईडी पडद्यासाठी न तुटणारा लूप

प्रसंग नेहमीचाच आहे. शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पाचवी-सहावीच्या मुलांचं समुद्रावरचं समूहनृत्य आहे. गाणं ४ मिनिटं १० सेकंदांचं. मागे भाड्याची एलईडी वॉल लागणार आहे आणि तिच्यावर चांदण्या रात्रीचा समुद्र हवा आहे: तीन थरांच्या लाटा, लुकलुकणाऱ्या चांदण्या, स्थिर चंद्र आणि डावीकडून उजवीकडे जाणारी एक होडी. हाताशी पॉवरपॉइंट, शॉटकट हे मोफत व्हिडिओ एडिटर आणि व्हीएलसी प्लेअर एवढंच आहे. तेवढं पुरतं.

पहिला प्रयत्न मात्र फसला. स्लाइडवर लाटा काढल्या, त्यांना सरकण्याचं अॅनिमेशन दिलं, २४ सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि प्लेअरला पुन्हापुन्हा वाजवायला लावला. लॅपटॉपवर ठीक वाटलेली गोष्ट मोठ्या पडद्यावर उघडी पडली. लाटा दर फेऱ्याला मंदावून पुन्हा वेग घेत होत्या, जणू कोणी दम खात चालतंय. दर २४ सेकंदांनी सगळ्या चांदण्या एकदम दचकत होत्या, त्याच क्षणी पडदा निमिषभर काळा होत होता आणि चंद्र लंबगोल झाला होता. ही चारही दुखणी वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचं कारण नेमकं सांगता येतं.

आधी पडद्याचं माप

वॉल ५०० मिलिमीटर चौरस पॅनेलची होती, पिच, म्हणजे लगतच्या दोन पिक्सेलमधलं अंतर, ३.९१ मिलिमीटर. अशा एका पॅनेलमध्ये आडवे १२८ आणि उभे १२८ पिक्सेल बसतात. आडवी १० आणि उभी ५ पॅनेल, म्हणजे पडदा ५ मीटर रुंद, अडीच मीटर उंच आणि १२८० × ६४० पिक्सेलचा. रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट. पॉवरपॉइंटची नेहमीची स्लाइड मात्र १६:९ असते. म्हणून चित्राला हात लावण्याआधी `Design > Slide Size > Custom Slide Size` मध्ये रुंदी ४० सेंमी आणि उंची २० सेंमी दिली. हे मागाहून बदललं तर सगळी अॅनिमेशन पुन्हा जुळवत बसावं लागतं.

४० सेंमीत १२८० पिक्सेल, म्हणजे स्लाइडवरचा १ सेंमी पडद्यावर ३२ पिक्सेल होतो. हा एक आकडा पुढे फार कामाला येतो. ०.०५ सेंमीची चांदणी पडद्यावर दीड पिक्सेलची होते. ती लुकलुकत नाही, नुसती किरकिरते. चांदण्या ०.२ सेंमीच्या, म्हणजे सहा-साडेसहा पिक्सेलच्या ठेवल्या. पडद्यावर ते अडीच सेंमीचे ठिपके होतात आणि सभागृहाच्या मागच्या रांगेतूनही चांदणीसारखेच दिसतात. बारीक रेघांचंही तसंच: ३ पॉइंटपेक्षा पातळ रेघ सरकताना थरथरते, म्हणून होडीच्या डोलकाठीची रेघ ५ पॉइंटची घेतली.

सगळं ठरतं ते भागाकारावर

लूप तुटू नये यासाठी शेवटची फ्रेम पहिलीसारखी दिसायला हवी, असं सगळेच सांगतात. ते अर्धंच खरं आहे. त्या क्षणी प्रत्येक वस्तूची गतीसुद्धा तीच असली पाहिजे. दोन्ही गोष्टी आपोआप साधायच्या तर एकच नियम पाळायचा: प्रत्येक हालचालीच्या एका आवर्तनाच्या वेळेने लूपच्या एकूण वेळेला पूर्ण भाग गेला पाहिजे.

लूप २४ सेकंदांचा धरला, कारण २४ ला २, ३, ४, ६, ८, १२ अशा भरपूर संख्यांनी भाग जातो. पुढच्या लाटेचं आवर्तन ६ सेकंदांचं, मधल्या लाटेचं ८, मागच्या लाटेचं १२, होडीचं पूर्ण २४. चांदण्यांचे दोन गट केले, एक ३ सेकंदांचा आणि एक ४ सेकंदांचा. २४ सेकंदांनी सगळ्यांचे फेरे एकाच क्षणी पुरे होतात, मधल्या काळात मात्र त्यांचा मेळ सतत बदलत राहतो. त्यामुळे बघणाऱ्याला तेच तेच चाललंय असं वाटत नाही.

पहिल्या प्रयत्नात चांदण्या दचकल्या त्या इथेच. `Duration` २.५ सेकंद दिला होता आणि `Auto-reverse` चालू होतं. ते चालू असलं की जाण्यात अडीच सेकंद आणि परत येण्यात अडीच सेकंद जातात, म्हणजे आवर्तन ५ सेकंदांचं होतं. २४ ला ५ ने भागलं तर ४ उरतात. व्हिडिओ संपताना प्रत्येक चांदणी आपल्या फेऱ्याच्या चौथ्या सेकंदाला होती, आणि पुढच्याच फ्रेमला शून्यावर उडी मारत होती. `Auto-reverse` असेल तिथे `Duration` आवर्तनाच्या निम्मा लिहायचा, हे पक्कं ध्यानात ठेवावं: ३ सेकंदांच्या गटाला १.५ आणि ४ सेकंदांच्या गटाला २.

लाटेची पट्टी

`Insert > Shapes` मधल्या `Stars and Banners` या गटात `Wave` नावाचा आकार आहे. त्याची वरची कड एकदा वर जाऊन एकदा खाली येते, म्हणजे त्यात लाटेचं एक पूर्ण आवर्तन असतं. हा आकार बरोबर १० सेंमी रुंद केला, बाह्यरेषा `No line` केली आणि त्याच्या पाच प्रती एकमेकींना लावून ५० सेंमीची पट्टी बनवली. प्रती हाताने ओढून जुळवू नयेत. `Size & Properties` मध्ये `Horizontal position` ला ०, १०, २०, ३०, ४० अशा किमती टाइप कराव्यात. मग पाचही निवडून `Merge Shapes > Union`. सांध्यावर केसाएवढी उभी रेघ उरली तर पट्टीच्या मागे, लाटेच्या खोलगटाच्या थोडं खाली, त्याच रंगाचा आयत ठेवावा.

पट्टी स्लाइडपेक्षा १० सेंमी लांब का, याचं उत्तर पुढच्या पायरीत आहे. ही पट्टी आख्ख्या स्लाइडभर सरकवायची गरज नाही. ती डावीकडे फक्त एका लाटेएवढी, १० सेंमी, सरकली की चित्र पुन्हा होतं तस्सं दिसतं, आणि तिथून ती मूळ जागी परत आली तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. सरकताना उजवीकडे जे १० सेंमी उघडे पडतील तेवढीच जादा पट्टी बाहेर ठेवलेली असते. मधली लाट ८ सेंमीची, सहा प्रती. मागची ५ सेंमीची, नऊ प्रती.

सरकवण्यासाठी `Motion Paths > Lines` घेऊन दिशा डावी केली. आता मार्गाचं टोक नेमकं १० सेंमीवर आणायचं. टोक धरून ओढताना पॉवरपॉइंट त्या वस्तूची फिकट प्रतिमा शेवटच्या जागी दाखवतं. स्लाइड ४०० टक्क्यांपर्यंत मोठी करा, `Shift` दाबून टोक ओढा आणि फिकट लाटेचा माथा मूळ पट्टीच्याच आधीच्या माथ्यावर आणून बसवा. जुळलं नसेल तर माथ्यावर दुहेरी कड दिसते. जुळलं की ती एक होते. आपल्याला हवं असलेलं माप पट्टीतच दडलेलं आहे, वेगळ्या खुणेची गरज नाही. इथे अर्ध्या मिलिमीटरची चूक राहिली तर पडद्यावर दीड पिक्सेलचा हिसका दर सहा सेकंदांनी बसतो. ४०० टक्क्यांवर घालवलेली दोन मिनिटं त्यासाठी.

लाटा दम खात होत्या त्याचं कारणही याच जागी आहे. पॉवरपॉइंट मोशन पाथला आपणहून `Smooth start` आणि `Smooth end` लावतं. एकदाच सरकणाऱ्या वस्तूला ते शोभतं, पण पुन्हापुन्हा सरकणारी पट्टी त्यामुळे दर फेऱ्याच्या टोकाला थांबून निघते. `Effect Options` उघडून दोन्ही शून्य करायचे. `Morph` हे संक्रमण वापरून हेच काम सोपं करावं असं अनेकांच्या मनात येतं, पण त्यातही गती सुरुवातीला आणि शेवटी मंदावते, म्हणून सलग सरकणाऱ्या लाटेला ते चालत नाही. चांदण्यांच्या `Grow/Shrink` ला मात्र मंद सुरुवात आणि शेवट असला तर बरंच. लुकलुकणं तसंच असतं.

होडीला हा जुळवाजुळवीचा त्रास नाही. ५ सेंमी रुंदीची होडी स्लाइडच्या डाव्या कडेबाहेर, `Horizontal position` उणे ७.५ वर ठेवली आणि ५० सेंमीचा सरळ मार्ग दिला. ती उजवीकडे पूर्ण बाहेर गेल्यावरच मूळ जागी उडी मारते, आणि ती उडी कोणाला दिसत नाही. पुढची लाट होडीवर ठेवल्याने तिचा तळ झाकला जातो आणि ती पाण्यात असल्यासारखी वाटते.

वेगाबद्दल एक सावधगिरी. पुढची लाट सहा सेकंदांत १० सेंमी सरकते म्हणजे पडद्यावर सव्वा मीटर, सेकंदाला साधारण २१ सेंमी. मागे एवढंच चालू द्यावं. ३ सेकंदांचं आवर्तन लॅपटॉपवर छान जिवंत दिसतं, पण पाच मीटरच्या पडद्यावर ते मुलांच्या नाचावरची नजर ओढून घेतं.

व्हिडिओ सुरुवातीपासून घेऊ नका, मधून कापा

सगळ्या चांदण्या एकाच वेळी मोठ्या-लहान झाल्या तर दिव्यांची माळ वाटते. म्हणून प्रत्येकीला वेगळा `Delay` दिला: ०.२, ०.७, १.३ असा कसाही. याने आवर्तन बदलत नाही, फक्त सुरुवात पुढे जाते. पण व्हिडिओच्या पहिल्या एक-दोन सेकंदांत काही चांदण्या अजून हलायलाच लागलेल्या नसतात. निर्यात केलेल्या फाइलमध्ये अॅनिमेशन सुरू होण्याआधी क्षणभर स्थिर चित्रही येऊ शकतं. सुरुवातीचे २४ सेकंद लूपसाठी घेतले तर हे दोन्ही दोष लूपमध्ये येतात.

उपाय साधा आहे. व्हिडिओ तिप्पट, ७२ सेकंदांचा करायचा आणि मधले २४ सेकंद उचलायचे. एकदा सगळं आवर्तनात शिरलं की २४ सेकंदांचा कुठलाही तुकडा निर्दोष लूप असतो, तो कुठून सुरू होतो याला महत्त्व नाही. त्यासाठी `Timing` मधल्या `Repeat` मध्ये आकडे टाइप केले: पुढच्या लाटेला १२, मधलीला ९, मागचीला ६, होडीला ३, चांदण्यांना २४ आणि १८. `Until End of Slide` ऐवजी आकडा दिला की स्लाइड किती वेळ चालणार हे आपल्या हातात राहतं. सगळ्यांचा `Start` अर्थातच `With Previous`. स्लाइडला संक्रमण काहीही नको.

`File > Export > Create a Video` मधून फुल एचडी एमपी४ काढली. शॉटकटमध्ये ती उघडून `Properties` मध्ये फ्रेम दर पाहिला: ३०. मग `Settings > Video Mode > Custom` मध्ये १२८० × ६४० आणि ३० फ्रेमचा मोड बनवला. इथे २५ राहिला तर दर सेकंदाला पाच फ्रेम गळतात आणि लाटा गचके खातात. मग लोक पुन्हा पॉवरपॉइंटमध्ये चूक शोधत बसतात.

टाइमलाइनवर `00:00:24:00` ला `S` दाबून तुकडा केला, `00:00:48:00` ला पुन्हा `S`, आणि बाहेरचे दोन्ही तुकडे `X` ने काढले. उरलेला तुकडा बरोबर ७२० फ्रेमचा हवा. ७२१ झाला तर शेवटची फ्रेम पहिलीची नक्कल होते आणि लाट एक फ्रेम थबकते. तपासायला तुकड्याची प्रत त्याच्याच मागे जोडा, सांध्याजवळ थांबा आणि बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जा. लाटेचा माथा दर फ्रेमला सारखाच सरकला पाहिजे. तो एका जागी थांबला तर एक फ्रेम जास्त आहे. दुप्पट सरकला तर एक कमी.

लाटांऐवजी खऱ्या ढगांचं किंवा धुक्याचं चित्रण असेल तर त्यात आवर्तन नसतंच. तिथे चित्रण मधोमध कापून दोन्ही भागांची अदलाबदल करावी, आणि जिथे जुना शेवट व जुनी सुरुवात भेटतात तिथे दोन सेकंद एकावर एक चढवून विरघळवावं. नव्या फाइलचा आरंभ आणि अंत मूळ चित्रणातल्या लागोपाठच्या फ्रेम असतात, म्हणून लूप जुळतो. होडीसारख्या ठाशीव वस्तूला मात्र ही युक्ती लागू नाही. त्या दोन सेकंदांत दोन भुतं दिसतात.

काळा झटका

पडदा निमिषभर काळा होत होता तो दोष चित्रात नव्हता. प्लेअर फाइल संपवून तीच पुन्हा उघडतो, तेव्हा मध्ये पोकळी राहू शकते. ती कोणत्या संगणकावर किती दिसेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून प्लेअरच्या लूपवर विसंबूच नये. २४ सेकंदांचा तुकडा १५ वेळा जोडून ६ मिनिटांची एकच फाइल केली. गाणं ४:१० चं असल्याने फाइल संपायची वेळच येत नाही, आणि मुलांना मंचावर यायला-जायला उशीर झाला तरी जवळपास दोन मिनिटं हाताशी राहतात. शॉटकटमध्ये तुकडा कॉपी करून जोडत गेलं की झालं. एफएफएमपेग हे आज्ञा टाइप करून चालवायचं मोफत साधन असेल तर एका ओळीत होतं. १४ म्हणजे मूळ एकाखेरीज आणखी १४ वेळा:

```
ffmpeg -stream_loop 14 -i samudra24.mp4 -c copy -an samudra360.mp4
```

व्हीएलसीमध्ये `Show media title on video start` ही खूण काढून टाका, नाहीतर समुद्रावर फाइलचं नाव झळकतं.

पडद्यावर चढवताना

चंद्र लंबगोल का झाला? लॅपटॉप १९२० × १०८० चित्र पाठवत होता. त्यात २:१ चा व्हिडिओ बसवताना प्लेअरने वर-खाली ६० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या सोडल्या आणि लॅपटॉपचं चित्र वॉलच्या मापात बसवणाऱ्या प्रोसेसरने ते आख्खं चित्र पट्ट्यांसकट २:१ मध्ये ताणलं. म्हणून चंद्र साडेबारा टक्के रुंद झाला आणि वर-खाली सुमारे १४ सेंमीच्या काळ्या पट्ट्या आल्या. ऑपरेटरला प्रोसेसरवर आत येणाऱ्या चित्राचा मधला १९२० × ९६० भागच घ्यायला सांगितलं, की दोन्ही दोष एकदम गेले. काही ठिकाणी प्रोसेसर ताणत नाही, तर चित्राच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यातले १२८० × ६४० पिक्सेल तेवढे उचलतो. तिथे व्हिडिओ त्याच कोपऱ्यात मूळ मापात वाजवावा लागतो.

हे रंगीत तालमीत ओळखायला समुद्र लावायची गरज नसते. एक वेगळी स्लाइड करावी: मधोमध मोठं वर्तुळ, चारही कोपऱ्यांत १ ते ४ आकडे, कडेला पांढरी चौकट. वर्तुळ गोल आहे का, चारही आकडे दिसतात का, चौकट चारही बाजूंनी आहे का. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

उजेडाचं गणित तालमीतच कळतं. एलईडी वॉल हा दिवाच आहे; मागे उजळ निळं आकाश असेल तर पुढची मुलं काळ्या आकृत्या होतात. आकाश गडद ठेवलं, शुद्ध पांढरा रंग फक्त चंद्र-चांदण्यांना दिला आणि तो चंद्र मधोमध न ठेवता उजव्या वरच्या बाजूला सरकवला, म्हणजे मधल्या ओळीतल्या मुलीच्या डोक्यामागे तो येत नाही. पडद्याचा खालचा दीड मीटर मुलांमागे झाकला जाणार हे धरून क्षितिज त्याच्या वर घेतलं. लाटा मुलांच्या मधल्या फटींतून दिसतात, आणि मुलं पाण्यात उभी आहेत असा भास त्यातूनच होतो. गडद आकाशाचा रंग वरून खाली हळूहळू बदलत नेला तर पडद्यावर पायऱ्या दिसतात, वॉलची प्रखरता कमी केल्यावर अधिकच. एकच सपाट गडद निळा आणि भरपूर चांदण्या, हे जास्त चांगलं दिसतं.

होडी गाण्यासोबत जावी म्हणून

तालमीत नृत्य बसवणाऱ्या बाईंनी एक मागणी केली: गाणं संपताना होडीही पडद्यावरून नाहीशी व्हावी. तुकडा कुठूनही कापता येतो, त्यामुळे हे सहज जमतं. होडी ५० सेंमी २४ सेकंदांत जाते आणि ४७.५ सेंमी गेल्यावर पूर्ण दिसेनाशी होते, म्हणजे फेऱ्याच्या २२.८ व्या सेकंदाला. गाणं २५० सेकंदांचं; २४ चे दहा फेरे जाऊन १० सेकंद उरतात. म्हणून सुरुवात फेऱ्याच्या १२.८ व्या सेकंदापासून हवी. तुकडा `00:00:36:24` पासून `00:01:00:24` पर्यंत घेतला. ३० फ्रेमच्या हिशेबात ०.८ सेकंद म्हणजे २४ फ्रेम. निर्यातीत सुरुवातीला स्थिर चित्र आलं असेल तर होडी पहिल्यांदा हलते ती फ्रेम शून्य धरून मोजायचं आणि तेवढ्या फ्रेम दोन्ही खुणांत मिळवायच्या. आता पडदा उघडतो तेव्हा होडी जवळपास मधोमध असते, दहा वेळा पडद्यावरून जाऊन येते आणि शेवटच्या सुरासोबत उजव्या कडेआड जाते. ध्वनी सांभाळणाऱ्याने आणि व्हिडिओ सांभाळणाऱ्याने बटण एकाच इशाऱ्यावर दाबायचं, एवढं त्या दोघांना तालमीत ठरवून घ्यावं लागतं.